फ्लक्च्युएशन टेस्ट आणि रेप्लिका प्लेटिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला बरेच विद्यार्थी हे प्रॅक्टिकल करतात, कॉलन्या मोजतात, जर्नलमध्ये 'व्हेरियन्स जास्त आला, म्हणून म्युटेशन यादृच्छिक' असं लिहितात आणि पुढे जातात. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की व्हेरियन्स जास्त आला म्हणजे प्रतिकार औषधाच्या आधीच आला हे कशावरून, तर गाडी तिथेच अडते. मी हे प्रॅक्टिकल स्वतः केलंय आणि नंतर इतरांकडून करून घेतलंय. गोंधळ बहुतेक वेळा त्याच चार-पाच ठिकाणी होतो, म्हणून क्रमाने लिहितो आहे.

प्रश्न असा आहे. प्रतिजैविक घातलेल्या आगरवर कोट्यवधी जिवाणू पसरले तर जवळजवळ सगळे मरतात आणि थोड्या कॉलन्या उगवतात. या कॉलन्यांचे मूळ पेशी-पूर्वज औषध भेटल्यावर बदलले, की औषध भेटण्याआधीच बदललेले होते? त्या एका प्लेटकडे कितीही वेळ पाहिलंत तरी उत्तर मिळणार नाही, कारण दोन्ही बाबतींत प्लेट सारखीच दिसते.

१. आधी कागदावर: आकडे काय सांगतात ते समजून घ्या

साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्युक यांनी १९४३ मध्ये हा प्रश्न सोडवला. त्यांनी प्रतिजैविक वापरलं नव्हतं. ई. कोलाय जिवाणू आणि त्यांना मारणारा टी१ हा विषाणू (फाज) वापरला होता. हे लक्षात ठेवा, परीक्षेत हमखास चुकतं. प्रतिजैविकांसाठी हीच पद्धत नंतर वापरली गेली. मिलिस्लाव्ह डेमेरेक यांनी १९४५ मध्ये पेनिसिलिन आणि स्टॅफिलोकॉकस घेऊन ती केली.

लुरिया तेव्हा ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात होते. तिथल्या प्राध्यापकांच्या एका कार्यक्रमात एक सहकारी नाणी टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्राशी खेळत होता. बहुतेक वेळा हाती काही नाही आणि मधूनच एकदम नाण्यांचा ढीग, हे पाहून त्यांना प्रयोगाची कल्पना सुचली. त्यामागचं गणित डेलब्र्युक यांनी मांडलं.

या प्रयोगाची, म्हणजे फ्लक्च्युएशन टेस्टची, कल्पना अशी: थोड्याशा पेशींपासून वीस वेगवेगळ्या नळ्यांत कल्चर वाढवा आणि प्रत्येक नळी स्वतंत्र प्लेटवर ओता. औषधामुळे बदल होत असेल तर तो प्लेटवर गेल्यावरच होणार. प्रत्येक पेशीला सारखीच छोटी संधी, म्हणून सगळ्या प्लेटांवर साधारण सारख्या कॉलन्या दिसतील. अशा पॉयसाँ वितरणात व्हेरियन्स सरासरीच्या आसपास असतो. पण बदल नळीत वाढ होतानाच, केव्हाही होत असेल तर तो कधी झाला यावर सगळं ठरतं. शेवटच्या विभाजनाच्या वेळी झाला तर एकच प्रतिकारक पेशी मिळेल. सहा विभाजनं आधी झाला तर त्या एका पेशीच्या ६४ झालेल्या असतील. त्यामुळे बऱ्याच नळ्या रिकाम्या आणि एखादी खच्चून भरलेली, असं दिसेल. अशा भरलेल्या नळीला 'जॅकपॉट' म्हणतात.

त्यांच्या एका प्रयोगात ०.२ मिलिलिटरच्या वीस नळ्यांतून हे आकडे आले: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. जोडीला एका मोठ्या कल्चरमधून दहा नमुने काढले होते: १४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३. हे दोन्ही संच संगणकावर R मध्ये टाका:

```
x <- c(1,0,3,0,0,5,0,5,0,6,107,0,0,0,1,0,0,64,0,35)
y <- c(14,15,13,21,15,14,26,16,20,13)
mean(x); var(x)   # 11.35  752
mean(y); var(y)   # 16.7   18.2
```

मोठ्या कल्चरच्या नमुन्यांत सरासरी १६.७ आणि व्हेरियन्स १८. म्हणजे पसरणं, उगवणं, मोजणं या सगळ्यात जो चढउतार येतो तो एवढाच. वेगळ्या नळ्यांत सरासरी ११ आणि व्हेरियन्स ७५२. फाज एकच, प्लेटा सारख्या, हात तोच. फरक एवढाच की या नळ्या एकमेकांपासून वेगळ्या वाढल्या. म्हणून हा चढउतार प्लेटवर जाण्याआधी, नळीत असतानाच तयार झाला. तोंडी परीक्षेत नेमकं हेच वाक्य अपेक्षित असतं, आणि मोठ्या कल्चरच्या दहा नमुन्यांशिवाय ते बोलता येत नाही.

२. सामान आणि परवानगी

औषध म्हणून रिफॅम्पिसिन घ्या. त्याचा प्रतिकार गुणसूत्रावरच्या एकाच जनुकातल्या (`rpoB`) एका बदलाने येतो, कॉलन्या ठळक दिसतात आणि दर मोजता येण्याजोगा असतो. स्ट्रेप्टोमायसिनला फारच कमी प्रतिकारक मिळतात. अँपिसिलिन तर टाळाच. प्रतिकारक कॉलनी आजूबाजूचं औषध मोडते आणि तिच्याभोवती संवेदनशील पेशींच्या बारीक कॉलन्या उगवतात, मग नेमकं मोजायचं काय हेच कळत नाही.

- ई. कोलाय के-१२ चा निरुपद्रवी स्ट्रेन (उदाहरणार्थ `MG1655`)
- एलबी ब्रॉथ, साधे एलबी आगर आणि रिफॅम्पिसिनचे एलबी आगर (दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम)
- रिफॅम्पिसिनचा स्टॉक, डीएमएसओमध्ये, मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम
- लहान निर्जंतुक नळ्या, मायक्रोपिपेट, स्प्रेडर, सलाइन
- सुती मखमल, पेट्री डिशच्या आत सहज बसेल असा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा, कापड धरायला कडं
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि कचरा ऑटोक्लेव्ह करण्याची सोय

परवानगीकडे दुर्लक्ष करू नका. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचं मुख्य औषध आहे आणि तुम्ही त्याला प्रतिकार करणारे जिवाणू वाढवणार आहात. एकही प्लेट ऑटोक्लेव्ह न करता बाहेर जाता कामा नये. दवाखान्यातून आलेला कुठलाही स्ट्रेन या प्रॅक्टिकलला वापरू नका.

औषध घालण्याआधी आगर हाताला सोसवेल इतकं, म्हणजे ५० अंशांच्या आसपास, निवू द्या. ओतलेल्या प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, कारण हे औषध उजेडात खराब होतं. प्रत्येक ओतणीतल्या एका प्लेटवर मूळ स्ट्रेनच्या थोड्या पेशी पसरून बघा. तिथे दाट थर उगवला तर ती ओतणी टाकून द्या.

३. नळ्या लावणे

रात्रभर वाढलेल्या कल्चरमध्ये मिलिलिटरला साधारण २०० कोटी पेशी असतात. ०.१ मिलिलिटर कल्चर ९.९ मिलिलिटर ब्रॉथमध्ये, त्यातलं ०.१ पुन्हा ९.९ मध्ये, असं तीनदा केलंत की मिलिलिटरला सुमारे २,००० पेशी उरतात. हे पातळ कल्चर वीस नळ्यांत ०.२ मिलिलिटर प्रमाणे वाटा. म्हणजे प्रत्येक नळीत सुमारे ४०० पेशी. उरलेल्यातलं ५ मिलिलिटर एका मोठ्या नळीत ठेवा. हेच तुमचं मोठं कल्चर. सगळं ३७ अंशांवर, हलवत, रात्रभर.

इथे सर्वांत मोठा सापळा आहे. घाईत कुणी जास्त पेशींनी सुरुवात करतं, म्हणजे एका नळीत कोटभर पेशी. रात्रभराच्या कल्चरमध्ये काही प्रतिकारक आधीच असतात, साधारण दहा कोटींत एक ते कोटीत एक. कोटभर पेशी टाकल्या की त्यांतले काही थेट नळ्यांत शिरतात. मग अनेक नळ्यांत आधीपासूनच प्रतिकारक असतात, सगळीकडे भरपूर कॉलन्या येतात आणि चढउतार दबून जातो. ४०० पेशींत प्रतिकारक येण्याची शक्यता नगण्य असते.

दुसरा सापळा नळीच्या आकारमानाचा. ०.२ ऐवजी २ मिलिलिटर वाढवलंत तर प्रत्येक नळीत इतकी म्युटेशन्स होतात की शून्याची प्लेट मिळतच नाही. पुढच्या हिशेबाला काही शून्यं हवीच असतात. वीस नळ्यांत दोन ते चौदा शून्यं आली तर आकारमान बरोबर निवडलं असं समजा. एकही शून्य नसेल तर पुढच्या वेळी ०.१ मिलिलिटर घ्या.

४. प्लेटवर पसरणे आणि मोजणे

प्रत्येक नळीतलं सगळं कल्चर एका रिफॅम्पिसिन प्लेटवर पसरा. 'सगळं' हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धंच पसरलंत तर काही नळ्यांतल्या एकट्या-दुकट्या प्रतिकारक पेशी मागे राहतात, शून्यं फुगतात आणि दर कमी निघतो. प्लेटा आधी नीट वाळवा, नाहीतर ०.२ मिलिलिटर शोषलं जात नाही आणि कॉलन्या वाहून एकमेकींत मिसळतात. मोठ्या कल्चरमधून ०.२ मिलिलिटरचे दहा नमुने दहा वेगळ्या प्लेटांवर पसरा.

एकूण पेशी मोजायला तीन जादा नळ्या सुरुवातीलाच लावून ठेवा. त्यांचं दहा लाख पट डायल्यूशन करून ०.१ मिलिलिटर साध्या आगरवर पसरलं की २०० च्या आसपास कॉलन्या येतात आणि आरामात मोजता येतात.

कॉलन्या कधी मोजायच्या ते आधीच ठरवा आणि सगळ्या प्लेटा त्याच वेळी मोजा. मी २४ तासांनंतर मोजतो आणि ४८ तासांनी पुन्हा बघतो. दुसऱ्या दिवशी उगवलेल्या बारीक कॉलन्या हळू वाढणारे म्युटंट असू शकतात, किंवा प्लेटवर गेल्यावर झालेले बदलही असू शकतात. त्या वेगळ्या नोंदवा, पहिल्या आकड्यात मिसळू नका. दहा-बारा कॉलन्या उचलून नव्या रिफॅम्पिसिन प्लेटवर रेघ मारून बघा. खऱ्या म्युटंटच्या सगळ्या पुन्हा उगवतात.

५. दर काढणे: सरासरी वापरू नका

सरासरी काढून तिला पेशींच्या संख्येने भागायचा मोह होतो. वरच्या आकड्यांत सरासरी ११ आहे, पण त्यातला बहुतांश भाग १०७ आणि ६४ या दोन नळ्यांतून येतो. त्या दोन नळ्या काढल्या तर सरासरी ३ वर येते. जिथे एक-दोन जॅकपॉटांनी उत्तर जवळजवळ चौपट होतं, तिथे सरासरी आधार देऊ शकत नाही.

शून्यं मात्र भरवशाची. नळीत एकही म्युटेशन झालं नाही तरच शून्य येतं, मग झालेलं म्युटेशन लवकरचं असो की उशिराचं. म्हणून:

```
m = -ln(p0)
p0 = 11/20 = 0.55
m = 0.6
दर = m / Nt
```

`p0` म्हणजे शून्य आलेल्या नळ्यांचा वाटा, `m` म्हणजे एका नळीत सरासरी किती वेळा म्युटेशन घडलं, आणि `Nt` म्हणजे नळीतल्या एकूण पेशी. बघा, नळीमागे सरासरी ११ प्रतिकारक पेशी, पण म्युटेशनच्या घटना फक्त ०.६. मधला फरक विभाजनाने भरून निघालेला आहे. तुमच्या ०.२ मिलिलिटर नळीत ४० कोटी पेशी असतील आणि `m` असाच ०.६ आला तर दर `1.5e-9`, म्हणजे दोन अब्ज विभाजनांत साधारण तीन. शून्यं फार कमी किंवा फार जास्त असतील तर `rSalvador` सारखं पॅकेज वापरा. ते सगळ्या आकड्यांवरून `m` काढतं.

एक मर्यादा जर्नलमध्ये लिहा. बदल झालेल्या पेशीत जुनी, औषधाने अडणारी आरएनए पॉलिमरेझही काही काळ शिल्लक असते. ती विभाजनांत वाटली जाऊन कमी होईपर्यंत पेशी प्रतिकारक वागत नाही. म्हणून अगदी शेवटी झालेले बदल प्लेटवर दिसत नाहीत आणि खरा दर मोजलेल्यापेक्षा थोडा जास्त असतो.

६. रेप्लिका प्लेटिंग कशासाठी

फ्लक्च्युएशन टेस्टचा निष्कर्ष आकड्यांवर उभा आहे, आणि विरोधकांनी आकड्यांवर बोट ठेवलं. नळ्या वेगळ्या वाढल्या, मग एखाद्या नळीतले जिवाणू औषधाला जास्त चांगला प्रतिसाद देण्याच्या अवस्थेत असतील, प्रतिकार मात्र औषधामुळेच आला असेल, असं म्हणता येत होतं. हा आक्षेप एकाच मार्गाने मिटतो: ज्याच्या पूर्वजांनी औषध कधीच पाहिलं नाही असा प्रतिकारक जिवाणू हातात धरून दाखवणं. १९५२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या तुकड्याने एका प्लेटची छाप दुसऱ्या प्लेटांवर उठवून, म्हणजे रेप्लिका प्लेटिंगने, ते करून दाखवलं. त्यांनी टी१ फाज आणि स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही वापरले.

मखमल सुतीच घ्या. कृत्रिम धाग्याची मखमल ऑटोक्लेव्हमध्ये आकसते आणि तिचे रोवे चिकटतात. तुकडे साधारण पंधरा सेंटिमीटरचे कापा, धुऊन वाळवा, ब्रशने मोकळे करा, फॉइलमध्ये गुंडाळून ऑटोक्लेव्ह करा आणि मग कोरडे होऊ द्या. ओली मखमल जिवाणू पसरवते.

७. मास्टर प्लेट आणि तिच्या प्रती

रात्रभराचं कल्चर वीसपट पातळ करा आणि ०.१ मिलिलिटर, म्हणजे सुमारे एक कोटी पेशी, साध्या आगरवर पसरा. हीच तुमची मास्टर प्लेट. सहा ते आठ तासांत एकसारखा पातळ थर येतो आणि प्लेटवर हजार कोटींच्या आसपास पेशी होतात. थर जाड आणि ओलसर झाला तर छाप खराब येते. या वाढीत पेशी जागच्या जागी राहतात, म्हणून मधे कुठे म्युटेशन झालं तर त्याची सगळी भावंडं एकाच ठिकाणी गोळा होतात. पुढचा सगळा प्रयोग या एका गोष्टीवर चालतो.

प्लेटच्या कडेवर आणि मखमलीच्या कडेवर वरची बाजू दाखवणारी खूण करा. मास्टर मखमलीवर हलक्या हाताने टेकवा, दाबू किंवा सरकवू नका. मग त्याच मखमलीवर तीन रिफॅम्पिसिन प्लेटा एकापाठोपाठ, खूण जुळवून टेकवा. मास्टर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. प्रती ३७ अंशांवर रात्रभर.

दुसऱ्या दिवशी प्रती एकावर एक धरा. सगळ्या कॉलन्या जुळणार नाहीत, आणि इथेच विद्यार्थी निराश होतात. निम्मी म्युटेशन्स शेवटच्या विभाजनात होतात, म्हणजे एकच पेशी. ती एकाच प्रतीवर जाऊ शकते. तिन्ही प्रतींवर जायला तिथे भावंडांचा बऱ्यापैकी मोठा पुंजका लागतो, आणि तसे पुंजके थोडेच असतात. एक-दोन जुळल्या तरी पुरे.

पण जुळणं योगायोगाने झालं नाही हे दाखवावं लागतं. प्रत्येक प्रतीवर दहा कॉलन्या असतील आणि तीन मिलिमीटरच्या आत असलेल्यांना 'जुळल्या' म्हटलं, तर एका कॉलनीला दुसऱ्या प्रतीवर योगायोगाने जोडीदार मिळण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास येते, आणि दोन्ही प्रतींवर मिळण्याची हजारात दोन. हे प्रत्यक्षही करून बघा: एक प्रत ९० अंश फिरवा आणि पुन्हा जुळवा. खऱ्या जोड्या असतील तर फिरवल्यावर त्या नाहीशा होतात.

८. औषध न पाहिलेला प्रतिकारक वेगळा काढणे

आता ज्या जागी तिन्ही प्रतींवर कॉलनी आली ती जागा मास्टरवर शोधा. मास्टरने औषध पाहिलेलंच नाही. तिथून तीन मिलिमीटर त्रिज्येचा भाग लूपने उचला. त्यात साधारण साडेचार कोटी पेशी येतात. पुंजक्यात १०० प्रतिकारक असतील तर प्रमाण साडेचार लाखांत एक. मूळ कल्चरपेक्षा हे कितीतरी जास्त आहे, पण शुद्ध नाही.

यातल्या दहा लाख पेशी नव्या साध्या प्लेटवर पसरा. सुमारे दोन प्रतिकारक त्यात येतील आणि थर पूर्ण होईपर्यंत प्रत्येकाच्या दहा हजार होतील. पुन्हा मखमल, पुन्हा प्रती, पुन्हा मास्टरवरची जागा उचला: आता साडेचार हजारांत एक. पुढच्या वेळी दहा हजार पेशी पसरा आणि तेच करा: पंचेचाळिसात एक. शेवटी २०० पेशी पसरल्या की सुट्या कॉलन्या येतात आणि त्यांतल्या चार-पाच प्रतिकारक असतात. त्यांची छाप रिफॅम्पिसिनवर घ्या, कुठल्या उगवतात ते बघा, आणि मास्टरवरची त्यांची जोडीदार कॉलनी उचला. एक शुद्ध प्रतिकारक स्ट्रेन हातात आला, आणि त्याची कुठलीही पिढी औषधाच्या संपर्कात आलेली नाही.

प्रत्येक फेरीत दोनच प्रतिकारक अपेक्षित असतील तर सातातल्या एका प्लेटवर एकही नसतो. म्हणून दर फेरीला तीन मास्टर लावा. तसंच प्रत्येक फेरीत कॉलनी नसलेल्या एका जागेवरूनही पेशी उचलून त्यांच्यातलं प्रतिकारकांचं प्रमाण मोजा. ते मूळ कल्चरइतकंच राहिलं पाहिजे. तेही वाढलं तर मखमलीवरून औषध किंवा पेशी मास्टरवर परत आल्या असं समजा. अनेकदा घाईत एखादी प्रत आधी टेकवली जाते आणि मास्टर नंतर. क्रम नेहमी मास्टर, मग प्रती.

९. निष्कर्षात काय लिहू नये

'प्रतिजैविकांचा म्युटेशनशी संबंध नाही' असं लिहू नका. या प्रयोगात औषधाचा डोस मारक आहे, त्यामुळे ते फक्त आधीच असलेल्यांची निवड करतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध कमी मात्रेत असेल तर जिवाणूंचा डीएनए दुखावतो, दुरुस्तीची यंत्रणा सुरू होते आणि म्युटेशनचा एकूण दर वाढू शकतो. तरीही ते बदल औषधाला उपयोगी जागीच होतात असं नाही. दर वाढणं आणि दिशा मिळणं हे वेगळे प्रश्न आहेत, आणि तुमच्या वीस नळ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात. शिवाय दवाखान्यातला बराच प्रतिकार प्लाझ्मिडवरून, दुसऱ्या जिवाणूकडून तयार जनुक मिळून येतो. त्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.